मदत हवी आहे : प्रवाहाचा वेग ताशी ४८ किमी येतोय, चूक सापडत नाही (दहावी, वर्गसमीकरणे)

शुभदा_क
नमस्कार. मुलगा दहावीला आहे, मराठी माध्यम. चाचणीत हे गणित आलं होतं :

"संथ पाण्यात एका नावेचा वेग ताशी १२ किमी आहे. प्रवाहाच्या दिशेने १५ किमी जायला तिला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा ४० मिनिटे जास्त वेळ तेवढेच अंतर प्रवाहाविरुद्ध जायला लागतो. प्रवाहाचा वेग काढा."

त्याने प्रवाहाचा वेग x धरला. ४० मिनिटांचे २/३ तास केले. मग असं मांडलं :

१५/(१२ + x) − १५/(१२ − x) = २/३

छेद काढल्यावर −९०x = २८८ − २x², म्हणजे x² − ४५x − १४४ = ०. अवयव पाडून (x − ४८)(x + ३) = ०. वेग ऋण नसतो म्हणून −३ सोडलं आणि उत्तर लिहिलं ताशी ४८ किमी. खरं उत्तर ३ आहे. पाचपैकी दोन गुण मिळाले.

मी आकडेमोड तीनदा तपासली, कुठेच चुकलेली नाही. मग ४८ मूळ समीकरणात घालून पाहिलं : १५/६० − १५/(−३६), म्हणजे १/४ + ५/१२, म्हणजे बरोबर २/३. ताळा जुळतोय! मुलगा म्हणतो, "आई, ताळा बरोबर येतो मग उत्तर चूक कसं?" माझ्याकडे उत्तर नाही. बाईंनी वहीत फक्त लाल रेघ मारली आहे. कुणी समजावेल का?

केदार_पी
सोपं आहे ताई. वजाबाकी उलटी झाली. विरुद्ध दिशेचा वेळ जास्त, म्हणून तो आधी लिहायचा. आणि ऋण आलं तरी चिन्ह सोडून द्यायचं, ३ हेच उत्तर. मी शाळेत असताना असंच करायचो, कधी अडलं नाही.

शुभदा_क
वजाबाकी उलटी झाली हे पटलं, केदार. गणितात "प्रवाहाच्या दिशेने" हे शब्द आधी आलेत, म्हणून त्याने तेच आधी लिहिलं. पण चिन्ह सोडून द्यायचं तर ४८ का घ्यायचं नाही? ते तर आधीच धन आहे.

बाणकोटी
आमच्याकडे वेसवी-बागमांडला फेरीबोट चालते, सावित्रीच्या खाडीत. जाताना-येताना वेळ जवळपास सारखाच लागतो. तेव्हा हे ४० मिनिटांचं अंतर मला काही पटत नाही. पाण्याला ओढ कितीही असो, बोटवाला बोट थोडी तिरकी धरतो आणि बरोबर जेटीला लावतो.

निवृत्त_गणित
बाणकोटी, तुमची फेरी खाडी आडवी ओलांडते. या गणितातली नाव पाण्याच्या रेषेतच वर-खाली जाते. आडवं जाताना पाण्याची ओढ दोन्ही फेऱ्यांना सारखीच आडवी येते, म्हणून वेळही सारखा. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त गणित वेगळं आहे.

शुभदाताई, तुमच्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. "ऋण आलं म्हणून सोडा" एवढं सांगून तो मिटवू नये, कारण त्याच नियमाने तो फसला आहे.

१५/(१२ − x) मध्ये x = ४८ घातल्यावर वेळ किती आला? १५/(−३६) तास, म्हणजे उणे २५ मिनिटं. ताळा करताना तुम्ही दोन्ही पदं लगेच एकत्र केलीत, म्हणून हे उणे झाकलं गेलं. दोन वेळ वेगवेगळे लिहून पाहा : प्रवाहाबरोबर १५ मिनिटं, विरुद्ध उणे २५ मिनिटं. १५ मधून उणे २५ वजा केले की ४०. समीकरण खूश आहे, पण अशी नाव कुठल्याच नदीत चालणार नाही.

उणे २५ मिनिटांना अर्थही आहे बरं का. पाणी ताशी ४८ ने खाली धावतंय, नाव १२ ने वर जायचा प्रयत्न करतेय, म्हणजे ती प्रत्यक्षात ताशी ३६ ने मागे वाहून चालली आहे. वरच्या अंगाला १५ किमीवर असलेल्या गावी ती कधी होती? २५ मिनिटांपूर्वी. समीकरणाला "पोचायला किती वेळ लागेल" आणि "किती वेळापूर्वी तिथे होती" यातला फरक कळत नाही, ते फक्त चिन्ह देतं.

म्हणून मुलाला अट अशी लिहायला सांगा : नाव प्रवाहाविरुद्ध पुढे जाते, म्हणजे x हा १२ पेक्षा कमीच हवा. ही अट समीकरणात कुठेच नाही. ४८ ने छेद शून्यही होत नाही, म्हणून नुसता छेद तपासून ते पकडलं जात नाही. ही अट नदीकडून येते, ती आपणच वेगळी लिहायची असते.

सरळव्याज
बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय म्हणून सांगतो, समीकरण मांडायचीच गरज नाही. दोन वेग असे शोधा ज्यांची सरासरी १२ येते आणि दोघांनी १५ ला सहज भाग जातो. ९ आणि १५. १५/९ म्हणजे १ तास ४० मिनिटं, १५/१५ म्हणजे १ तास. फरक ४० मिनिटं. प्रवाह ३. वीस सेकंद लागतात.

निवृत्त_गणित
पर्याय समोर असतील तिथे चालेल. बोर्डाच्या पेपरात मांडणीलाच गुण असतात. शिवाय आकडे जरा वाकडे असले की अंदाज लागत नाही. हेच गणित ४० ऐवजी ५० मिनिटं घेऊन करून पाहा, प्रवाहाचा वेग अपरिमेय येतो. तिथे सूत्रच लागेल.

सरळव्याज
केलं. x² + ३६x − १४४ = ०. हो, अवयव पडत नाहीत. उत्तर ३.६ च्या आणि ३.७ च्या मध्ये कुठेतरी आहे. मान्य.

अनघा_ठाणे
माझ्या मुलीला अशाच गणितात प्रवाह ३ दिला होता आणि नावेचा वेग काढायचा होता. तिला थेट वर्ग = १४४ आलं, १२ आणि −१२. इतकी भानगड झालीच नाही. शुभदाताई, तुमच्या मुलाने उगीच अवघड करून घेतलं असं नाही का?

निवृत्त_गणित
नाही अनघाताई, तिचा अज्ञात वेगळा आहे. नावेचा वेग अज्ञात असला की मधलं पद उडून जातं आणि दोन मुळं नुसती चिन्हाने वेगळी येतात. तिथे ऋण सोडलं की काम झालं. प्रवाह अज्ञात असला की मधलं पद राहतं, आणि दोन मुळं अगदी वेगळ्या आकाराची येतात, ३ आणि ४८ सारखी. म्हणून एकीकडे उपयोगी पडलेला नियम दुसरीकडे गोत्यात आणतो.

केदार, तुमच्या "चिन्ह सोडून द्या" ला आधार आहे, पण तो सांगायला हवा. वजाबाकी उलटी मांडली तर −३ चा अर्थ असा : मी जिला प्रवाहाची दिशा म्हटलं, तिच्या उलट दिशेने पाणी ताशी ३ ने वाहतंय. आकडा खरा, दिशेचं नाव चुकलं. बाणकोटीच्या खाडीत भरती लागली की पाणी खरोखर उलटं वाहतं, तिथे असं ऋण उत्तर कुणी चूक म्हणणार नाही.

बाणकोटी
हे मात्र मला लगेच कळलं. आमच्याकडे भरतीच्या वेळी माणसं आत जाताना इंजिन कमी ठेवतात, डिझेल वाचतं. ओहोटीला तेच अंतर जड जातं. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी फिरते, तर तुमचं x दिवसातून चार वेळा चिन्ह बदलेल. आणि मध्ये पाणी थांबलेलं असतं तेव्हा शून्य!

निवृत्त_गणित
अगदी. आणि खाडीत x स्थिर राहत नाही, म्हणून हे समीकरण तिथे लहान अंतरापुरतंच वापरता येईल. पुस्तकातल्या नदीत वेग सगळीकडे सारखा धरलेला असतो.

आता एक गोष्ट मुलासाठी. बरोबर मांडणीत समीकरण येतं x² + ४५x − १४४ = ०, मुळं ३ आणि −४८. उलट्या मांडणीत ४८ आणि −३. दोन्हीकडे शेवटचं पद −१४४, म्हणजे १२ चा वर्ग उणे चिन्हाने. अंतर आणि वेळ फक्त मधल्या ४५ मध्ये जातात (२ × १५ भागिले २/३). म्हणून मुळांचा गुणाकार नेहमी नावेच्या वेगाचा वर्ग, उणे चिन्हाने. आकाराने एक मूळ १२ पेक्षा लहान असणार आणि दुसरं मोठं. जे लहान, तेच नदीचं. त्याचं चिन्ह उणे आलं, तर समजायचं की आपण वजाबाकी उलटी केली.

केदार_पी
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण सर, परीक्षेत −३ आल्यावर "दिशा उलटी धरली होती, म्हणून ३" असं लिहिलं तर पूर्ण गुण देतील का?

निवृत्त_गणित
मी दिले असते. सगळे देतील असं म्हणणार नाही. सुरक्षित मार्ग म्हणजे जास्त वेळ आधी लिहिणे.

अनघा_ठाणे
मला नाही वाटत द्यावेत. समीकरणच चुकीचं मांडलं आहे, मग स्पष्टीकरण कितीही छान असो. तीन गुण जाणं कडक वाटतं, पण पूर्ण गुणही नकोत.

शुभदा_क
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला उणे २५ मिनिटांचं सांगितलं. त्याने वहीत नदी काढली, वरच्या टोकाला गाव, आणि नाव मागे वाहत चालल्याचा बाण. मग म्हणाला, "म्हणजे ती आधीच तिथून आलीय!"

एक मजेची चूकही सापडली. त्याच्या मित्राने ४० मिनिटांचे तास केलेच नव्हते, उजवीकडे सरळ ४० लिहिलं. उत्तर सुमारे ११.६ आलं, आणि ते १२ पेक्षा कमी असल्याने अटीत बसतं! पण विरुद्ध दिशेचा वेग तर ताशी अर्धा किमीही उरत नाही, १५ किमीला ४० तास लागतील. दोन्ही वेळ वेगवेगळे लिहिल्यावर तेही पकडलं गेलं.

मग मी त्याला नवं गणित घातलं : नावेचा वेग १०, अंतर २४, फरक १ तास. २ उत्तर आल्यावर पुढे सोडवण्याआधीच त्याने सांगितलं की दुसरं मूळ −५० येणार. आलं.

आता तो विचारतोय की वर जायचं अंतर आणि खाली यायचं अंतर वेगळं असेल, समजा वर १० आणि खाली १५, तर तो गुणाकाराचा नियम टिकतो का. मी करून पाहिलं, शेवटचं पद नुसतं नावेच्या वेगाचा वर्ग येत नाहीये, त्यात अंतरांचा फरकही घुसतोय. मग तिथे कुठलं मूळ नदीचं हे आधीच कसं ओळखायचं? सर, सवडीने पाहाल का?