मदत हवी आहे: टूरच्या डेकवरून टूर लीडरसाठी दिवसवार ब्रीफिंग स्क्रिप्ट कशी लिहायची?

मुक्ता_ऑप्स

नमस्कार मंडळी. मी एका टूर कंपनीत ऑपरेशन्स बघते. युरोपच्या एका ग्रुप टूरसाठी टूर लीडरला रोज काय बोलायचं याची स्क्रिप्ट करून द्यायची आहे. हाताशी आहे तो सेल्सने बनवलेला आयटिनररी डेक. दर दिवसाला एक स्लाइड, वर मोठा फोटो, खाली तीन-चार ओळी. लीडर अनुभवी आहे, पण या मार्गावर पहिल्यांदाच जाणार आहे. ग्रुप ४२ जणांचा, त्यात ज्येष्ठ बरेच.

नमुन्यादाखल एक स्लाइड जशीच्या तशी देते:

"दिवस ६ : न्याहारीनंतर युंगफ्राउयोखला प्रयाण. बर्फात धमाल! दुपारी इंटरलाकेनमध्ये मोकळा वेळ. संध्याकाळी ल्युसर्नला परत."

पाचव्या दिवसाची शेवटची ओळ आहे, "रात्री सरोवरात क्रूझ, नंतर हॉटेल."

या ओळी फोडून मी परिच्छेद लिहिले, पण वाचताना ते ब्रोशरच वाटतं. लीडरने माईक हातात घेतल्यावर नेमकं काय आणि कधी बोलायचं, ते त्यातून निघत नाही. सुरुवात कुठून करावी?

स्लाइडमित्र

सोपं आहे. PowerPoint मध्ये फाइल Outline/RTF म्हणून सेव्ह करा, सगळा मजकूर Word मध्ये उघडता येईल. मग दर ओळीपुढे वेळ टाका. न्याहारी ८, प्रयाण ९, असं. झाली स्क्रिप्ट. स्लाइडखालच्या नोट्स मात्र वेगळ्या वाचा, सेल्सवाले कामाच्या गोष्टी तिथेच लिहून ठेवतात.

मुक्ता_ऑप्स

करून पाहिलं. फक्त शीर्षकं आली, खालचा मजकूर गायब. नोट्समध्ये मात्र खरंच एक गोष्ट सापडली: "वरच्या गाडीचं आरक्षण १०:१५, ग्रुप स्लॉट." स्लाइडवर याचा पत्ताच नाही.

रानवाट

मजकूर गायब झाला कारण त्या ओळी डिझायनरने सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवल्या असणार. Outline मध्ये फक्त साच्यातल्या ठरलेल्या जागांमधला मजकूर येतो. फोटोवरच छापलेली अक्षरं तर या मार्गाने येणारच नाहीत. डेक मोठा नसेल तर हाताने उतरवून घ्या, एकेक स्लाइड नीट वाचूनही होते.

पण तुमची खरी अडचण ती नाही. डेक विकण्यासाठी असतो, म्हणून तो सकाळपासून रात्रीकडे वाहतो. स्क्रिप्ट उलटी लिहायची असते. दिवसातली जी वेळ कोणासाठीही थांबणार नाही ती आधी मांडायची आणि तिथून मागे मागे यायचं. तुम्हाला ती वेळ नोट्समध्ये मिळाली आहे, १०:१५. व्हाउचरवर तीच आहे का, ते आधी बघा. वेळेच्या बाबतीत डेक आणि व्हाउचर जुळत नसतील तर व्हाउचर खरं. काय दाखवणार या बाबतीत मात्र डेक खरा, कारण गेस्टने पैसे तो बघून भरलेत.

आता मोजू. १०:१५ ची गाडी आयगरग्लेचरहून वर जाते. ४२ माणसं १० वाजता फलाटावर हवीत. खालून, ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरून, आयगर एक्सप्रेस केबिन १५ मिनिटांत तिथे पोचवते, पण सगळे एका केबिनमध्ये मावणार नाहीत. चढणं, वर उतरून परत गोळा होणं धरून साडेनऊला फाटकापाशी रांग लागलेली हवी. त्याआधी स्वच्छतागृह आणि तिकिटवाटप, त्याला २० मिनिटं. म्हणजे बस ९:१० ला टर्मिनलवर. ल्युसर्नहून ब्र्युनिग घाटातून कोचला पावणेदोन तास धरा, वर पाव तास राखीव. बस ७:१० ला सुटली पाहिजे, माणसं ७ वाजता बसमध्ये.

"न्याहारीनंतर" हा शब्द इथे अडकतो. हॉटेलची न्याहारी ७ ला उघडत असेल तर साडेसहाची खास सोय आजच लेखी मागा, नाहीतर न्याहारीचे डबे सांगा.

दुसरी गाठ याहून मोठी आहे आणि ती सहाव्या स्लाइडवर दिसतच नाही. पाचव्या दिवशी क्रूझ संपवून ग्रुप हॉटेलला किती वाजता पोचतो?

मुक्ता_ऑप्स

साधारण १० वाजता. बस लावून ड्रायव्हर मोकळा होईपर्यंत साडेदहा.

स्लाइडमित्र

मग ठीक आहे ना? ड्रायव्हरला दिवसाला ९ तास चालवायची परवानगी असते. सहाव्या दिवशी चार-पाच तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग होणारच नाही.

रानवाट

९ तासांचा नियम बरोबर आहे, पण तो स्टिअरिंगमागच्या वेळेचा. युरोपात रोजच्या विश्रांतीचा नियम वेगळा आहे: दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तास. ते ९ पर्यंत खाली आणता येतात, पण दोन साप्ताहिक सुट्यांच्या मध्ये जास्तीत जास्त तीनदा. साडेदहाला सुटलेला ड्रायव्हर सात वाजता बस भरायची म्हणून पावणेसातला कामावर येणार. विश्रांती सव्वाआठ तास. हे बसतच नाही. चांगला ड्रायव्हर सरळ नाही म्हणेल आणि तुमचा लीडर ४२ जणांसमोर उभा असेल.

डेकमध्ये प्रत्येक दिवस आपापल्या स्लाइडवर एकटा असतो, म्हणून असं काही पकडता येत नाही. मी आधी एका कागदावर सलग तक्ता करतो: तारीख, वार, ड्रायव्हरची सुरुवात, ड्रायव्हरचा शेवट, आणि दोन दिवसांमधलं अंतर. वार लिहायलाच हवा. डेक गेल्या हंगामातून उचललेला असतो आणि त्यात "दिवस ३" एवढंच असतं. तो दिवस या वेळी मंगळवारी आला आणि त्यात पॅरिसचं लुव्र असेल, तर दार बंद.

तुमच्यापुढे वाटा तीन. क्रूझ लवकरची घ्या, म्हणजे ड्रायव्हर साडेनऊला मोकळा होईल आणि सव्वानऊ तास मिळतील. ही एक कमी केलेली विश्रांती झाली, ती मोजून ठेवा. किंवा क्रूझनंतर ग्रुप पायी किंवा दुसऱ्या वाहनाने हॉटेलला न्या आणि तुमच्या बसचा दिवस संध्याकाळीच संपवा. किंवा वरच्या गाडीचा उशिराचा स्लॉट मागा, पण मग इंटरलाकेनचा मोकळा वेळ आक्रसतो आणि तो डेकमध्ये लिहून दिलेला आहे.

पुनवेची_वाट

मुक्ताताई, आम्ही गेस्टना छान पीडीएफ पाठवतो, रोजचं पान, नकाशा, हवामान. तसं केलंत तर लीडरला फार बोलावंच लागत नाही. नमुना हवा असेल तर सांगा.

मुक्ता_ऑप्स

ताई, धन्यवाद, पण हे गेस्टसाठी नाही, लीडरच्या हातात राहणारं आहे. गेस्टचं पान आमच्याकडे आहे.

रानवाट दादा, क्रूझवाल्यांना आत्ताच मेल टाकते. आता बोलण्याचा भाग. ही वेळांची गणितं लीडरने बोलायची नाहीत ना?

रानवाट

अजिबात नाही. पानाचे दोन भाग करा. डावीकडे लीडरने जाणायचं: व्हाउचर क्रमांक, मागे मोजलेल्या वेळा, ड्रायव्हरची सुटण्याची वेळ. उजवीकडे लीडरने बोलायचं, आणि ते किती वाजता, कुठे उभं राहून. सहाव्या दिवसाचं बोलणं पाचव्या संध्याकाळी सुरू होतं, तेही क्रूझला जायच्या आधी बसमध्ये. क्रूझनंतर सगळे दमलेले असतात, कोणी ऐकत नाही.

मी असं लिहीन:

"उद्याची सकाळ लवकरची आहे. साडेसहाला न्याहारी, सातला बसमध्ये, सात दहाला बस सुटणार. बॅगा खोलीतच राहू द्या, मुक्काम इथेच आहे. अंगावर गरम कपडे, पायात बंद बूट, सोबत गॉगल आणि रोजची औषधं. आपण ३,४५४ मीटरवर जाणार आहोत. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर आज रात्रीच मला एकट्याला येऊन सांगा."

शेवटचं वाक्य गाळू नका. ही माहिती सकाळी बसमध्ये कळून उपयोग नाही, कारण खाली थांबणाऱ्यासोबत कोण थांबणार ते रात्रीच ठरावं लागतं.

दुसरं बोलणं बसमध्ये, ग्रिंडेलवाल्ड यायच्या २० मिनिटं आधी. त्यात तीनच गोष्टी: उतरल्यावर कुठे जमायचं, तिकीट कुठे ठेवायचं, वर हळू चालायचं. त्याहून जास्त ऐकून घेतलं जात नाही. तिसरं वर पोचल्यावर, फलाटावरच, पांगायच्या आधी. परतीची वेळ आणि जागा दोनदा सांगायची आणि कोणाकडून तरी परत म्हणवून घ्यायची.

तिसरी_घंटा

मी शाळेच्या सहली नेते. आमच्याकडे स्क्रिप्ट शब्दशः लिहिली की शिक्षक कागदात बघून वाचत बसतात आणि मुलं निसटतात. म्हणून मी फक्त मुद्दे देते. मोठ्यांच्या टूरमध्ये वेगळं असतं का?

रानवाट

वेळ, जागा आणि तब्येतीबद्दलची वाक्यं मी शब्दशः देतो, कारण "साडेसातपर्यंत या" आणि "साडेसातला बस सुटेल" यांत दहा मिनिटांचा फरक पडतो. बाकी सगळं मुद्द्यांत.

तिसरी_घंटा

माझा अनुभव उलटा आहे. वेळा शब्दशः दिल्या आणि ऐनवेळी बदलल्या, तर शिक्षक जुनंच वाक्य वाचून टाकतात. मी वेळेची जागा रिकामी ठेवते, ती त्या रात्री पेनाने भरायची.

रानवाट

हे चांगलं आहे, वाक्य ठेवून आकडा मोकळा. तरी लीडर नवीन मार्गावर असेल तर मोकळा आकडा मला धोक्याचा वाटतो. यावर माझं मत अजून पक्कं नाही.

मुक्ता_ऑप्स

एक राहिलं. वर ढग असतील किंवा वाऱ्यामुळे केबिन बंद असेल, तर? डेकमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.

रानवाट

स्क्रिप्टमध्ये मात्र हवा. निर्णय कोणाचा, किती वाजेपर्यंत, आणि मग काय बोलायचं, हे तिन्ही लिहा. jungfrau.ch वर वरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं दिसतात, लीडरने सहा वाजता ती बघायची. नुसते ढग असतील तर ग्रुप जातो, कारण डेकमध्ये वर नेण्याचं वचन आहे, निरभ्र आकाशाचं नाही. पण ते बसमध्ये आधी सांगायचं, वर पोचून नाही: "आत्ता वर ढग आहेत. ते हटतील असं मी सांगू शकत नाही. बर्फातला बोगदा आणि आतले भाग दिसतीलच." सेवाच बंद असेल तर लीडरने तुमच्या ऑफिसला फोन करायचा. परताव्याबद्दल माईकवर एक अक्षरही बोलायचं नाही, ते कागद बघून ऑफिसने ठरवायचं.

मुक्ता_ऑप्स

सहा वाजता ऑफिसमध्ये फोन कोण उचलणार, ते आमच्याकडे ठरलेलंच नाही. उद्या तोच प्रश्न आधी मांडते.

क्रूझवाल्यांचं उत्तर आलंय. लवकरची फेरी मिळतेय, ड्रायव्हर सव्वानऊलाच सुटेल. म्हणजे साडेनऊ तास. पण तक्ता करताना दिसलं की नवव्या आणि दहाव्या दिवसांच्या मध्येही अंतर ९ तास २० मिनिटंच आहे. साप्ताहिक सुटी अकराव्या दिवशी. दोन झाल्या, तिसरीला जागा आहे ना?

रानवाट

नियमाने आहे. पण तिसरी आधीच खर्च करू नका, ती एखाद्या रात्री ट्रॅफिकमध्ये अडकलात तर लागेल. आणि मागची साप्ताहिक सुटी नक्की कोणत्या दिवशी झाली, ते कोच कंपनीकडून लेखी घ्या. तुमच्या टूरआधी तो ड्रायव्हर दुसऱ्या ग्रुपबरोबर असेल, तर तुमची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होतच नाही.