मदत हवी आहे: मैत्रिणीला उशिरा उत्तर दिल्याबद्दलचा इंग्रजी मेसेज हिंदीत करायचा आहे

पावसाळी: माझी एक मैत्रीण आहे, बंगळुरूला आम्ही एकाच ऑफिसात होतो. तेव्हा आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. लग्नानंतर ती प्रयागराजला गेली. दीड महिन्यापूर्वी तिनं पहिल्यांदाच लांबलचक मेसेज हिंदीत लिहिला, घराच्या गच्चीचा फोटो पाठवला. मी तो त्याच दिवशी वाचला आणि उत्तर आजतागायत दिलेलं नाही. मनाला फार लागलंय ते.

आधी इंग्रजीत लिहून काढलं: "सो सॉरी फॉर द सुपर लेट रिप्लाय. नो एक्स्क्यूज. आय सॉ युअर मेसेज, रिप्लाइड इन माय हेड, अँड देन लाइफ गॉट इन द वे. आय ॲम द वर्स्ट. नो प्रेशर टू रिप्लाय!" मग त्याचं हिंदी असं केलं:

"अत्यंत देरी से उत्तर देने के लिए मैं क्षमा चाहती हूँ। कोई बहाना नहीं है। मैंने तुम्हारा संदेश देखा, अपने सिर में उत्तर दिया और फिर जीवन बीच में आ गया। मैं सबसे बुरी हूँ। उत्तर देने का कोई दबाव नहीं।"

मोठ्यानं वाचलं तर बँकेच्या पत्रासारखं वाटतंय. मला ते हलकं हवंय, पण खरंही हवंय. कुणी सांगेल का?

वऱ्हाडी_माणूस: ताई, एवढा विचार कशाला? आमच्या नागपुरात सरळ लिहितात, "सॉरी यार, लेट हो गया." हिंदीत उत्तर, संदेश असले शब्द दोस्तीत कोणी वापरत नाही. "जवाब" आणि "मैसेज" लिहा. आणि "तुम" काढून "तू" करा, "तुम" म्हणजे आपलं "तुम्ही", मैत्रिणीला कोण म्हणतं?

ग्वाल्हेरची_माई: माझं बालपण ग्वाल्हेरला गेलं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. "जवाब" आणि "मैसेज"बद्दल वऱ्हाडी माणसाचं बरोबर आहे. "तुम"बद्दल नाही. हिंदीत तीन पायऱ्या आहेत, तू, तुम आणि आप. आपलं "तुम्ही" जो मान देतं तो तिकडं "आप" देतं. "तुम" ही मधली पायरी, मैत्रीत अगदी सहज चालणारी. पावसाळी, तिनं मेसेजमध्ये तुम्हाला काय म्हटलंय? तेच धरा.

आणि खरेपणाचं म्हणाल तर तो एका क्रियापदात आहे. "देर हो गई" म्हटलं की उशीर आपोआप झाला, पाऊस पडावा तसा. "मैंने देर कर दी" म्हटलं की उशीर मी केला. आपल्याकडेही "उशीर झाला" आणि "उशीर केला" यांत हाच फरक आहे ना? तुम्ही बहाणा सांगणार नाही म्हणता, तर "कर दी" लिहा. त्या दोन शब्दांत माफी येऊन जाते, मग "क्षमा चाहती हूँ" लागतच नाही.

पावसाळी: तिनं "तुम कैसी हो" असंच लिहिलंय. खरं सांगू, मला त्यात जरा दुरावा वाटला होता, म्हणूनही उत्तर रेंगाळलं.

ग्वाल्हेरची_माई: दुरावा नाही हो. त्या भागात सख्ख्या बहिणीही एकमेकींना "तुम" म्हणताना मी ऐकल्यात.

वऱ्हाडी_माणूस: असेल तिकडं. मला अजूनही "तू"च जवळचं वाटतं.

खिडकीतली: मीही हेच विचारणार होते. मला साहेबांना उशिरा मेल पाठवल्याबद्दल हिंदीत लिहायचंय, "विलंब के लिए खेद है" चालेल का?

ग्वाल्हेरची_माई: ऑफिसच्या मेलमध्ये चालेल. पावसाळींच्या मैत्रिणीला मात्र लिहू नका, तिला वाटेल गाडी उशिरा धावतेय. स्टेशनवरच्या घोषणेत असंच "खेद है" ऐकू येतं.

खिडकीतली: एक अनुभव सांगते. मी एकदा लाडानं एका हिंदी मैत्रिणीला लिहिलं, "गलती मेरी है, जो शिक्षा देनी हो दे दो." तिचं उत्तर आलं, "कौन से विषय की?" हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे तिकडची "सज़ा", हे मला तेव्हा कळलं.

पावसाळी: बरं झालं सांगितलंत, माझ्या दुसऱ्या मसुद्यात अगदी तेच होतं! माई, "इन माय हेड" आणि "लाइफ गॉट इन द वे" यांचं काय करू?

ग्वाल्हेरची_माई: "सिर में उत्तर" असं कोणी म्हणत नाही. "मन ही मन जवाब दे दिया" म्हणा, मनातल्या मनात. "जीवन बीच में आ गया" काढूनच टाका. दीड महिना नेमकं काय झालं?

पावसाळी: काहीच नाही. रोज वाटायचं, उद्या निवांत लिहू.

ग्वाल्हेरची_माई: मग तेच लिहा: "रोज़ कल पर टालती रही." "टाल दिया" म्हणजे एकदाच टाळलं. "टालती रही" म्हणजे दिवसामागून दिवस, आणि खरं तेच आहे. इथं मराठी माणूस "ने"वर अडखळतो. आपण "मी वाचला" म्हणतो, "मी"ला काही लागत नाही, म्हणून हिंदीतही "मैं पढ़ा" निघतं. ते "मैंने पढ़ा" हवं. उलट "मैंने भूल गई" चूक, तिथं "मैं भूल गई". तसंच "मैं टालती रही".

"मैं सबसे बुरी हूँ" ठेवू नका. इंग्रजीत ते सहज बोलून जातात, हिंदीत ते खरंच रडकं वाटतं. मग तिलाच तुमची समजूत काढावी लागेल.

वऱ्हाडी_माणूस: आणि "दबाव नहीं"?

ग्वाल्हेरची_माई: "आराम से लिखना." नुसतं "लिखो" म्हटलं तर आत्ता लिही असं होतं. "लिखना"त सवड असते, पुढं केव्हातरी. पण पावसाळी, तिनं मेसेजमध्ये काही विचारलं होतं का?

पावसाळी: हो. डिसेंबरमध्ये येतेस का, असं. मला अजून रजेचं माहीत नाही, म्हणून ते टाळलं होतं.

ग्वाल्हेरची_माई: मग माफी दोन ओळींत संपवा आणि त्याचं उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

पावसाळी: आता असं झालंय:

"सॉरी यार, बहुत देर कर दी मैंने। मैसेज उसी दिन पढ़ लिया था, मन ही मन जवाब भी दे दिया, बस लिखा नहीं। फिर रोज़ कल पर टालती रही। कोई बहाना नहीं बनाऊँगी। छत वाली फ़ोटो कई बार देखी, टंकी के पीछे वो अमरूद का पेड़ है क्या? दिसंबर का अभी पक्का नहीं कह सकती, छुट्टी का 15 तारीख़ तक पता चलेगा, उसी दिन बताऊँगी। तुम आराम से लिखना।"

ग्वाल्हेरची_माई: छान झालंय. प्रयागराज आणि पेरू, तिला आवडेल. "उसी दिन बताऊँगी" मात्र खरंच त्या दिवशी सांगणार असाल तरच ठेवा.

खिडकीतली: मला वाटतं दीड महिन्यानंतर लिहिण्यापेक्षा फोन करावा.

वऱ्हाडी_माणूस: अचानक फोन आला तर ती दचकेल, काही वाईट बातमी की काय म्हणून. आधी मेसेज.

पावसाळी: मेसेजच पाठवते. "उसी दिन" ठेवलंय, 15 तारखेचा गजर लावला. फोनचं तिचं उत्तर आल्यावर बघते.