मदत हवी आहे: पाचवीतल्या मुलीचं स्वागताचं भाषण

लेक दहा वर्षांची, मराठी माध्यमात. शनिवारी स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनानंतर तिला पाहुण्यांचं स्वागत करायचंय, एका मिनिटात, कागद न बघता. बाईंच्या मसुद्यात 'व्यासपीठावर विराजमान सन्माननीय' असं आहे. तुकडे पाडून म्हणवून घेतलं, तरी 'विराजमान'पाशी तिचा श्वास संपतो. बाईंच्या परवानगीने मी सोपं केलं:

"नमस्कार. आमच्या शाळेत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. आम्ही महिनाभर नाच आणि नाटक बसवलंय. तुम्ही ते बघायला आलात, आम्हाला खूप आनंद झाला."

हे ती न अडखळता म्हणते. पण प्रमुख पाहुण्या, सरपंच आणि मुख्याध्यापिका यांची नावं घ्यावीच लागतील. पुष्पगुच्छ दुसरी मुलं देणार आहेत. नावं 'नमस्कार'नंतर लगेच घ्यावीत की शेवटी? आणि 'सन्माननीय'ऐवजी तिच्या तोंडी शोभेल असा आदराचा शब्द कोणता?