फॅमिली ग्रुपमधून पूर्वीच्या नवऱ्याला काढायचंय, मुलीचे फोटो जातील का?

मनीषनगरची_आई: मार्चमध्ये घटस्फोट झाला. गूगलचा १०० जीबीचा प्लॅन माझ्या नावावर आहे, पैसे मीच भरते, फॅमिली ग्रुपची मॅनेजरही मीच. आता त्यांना काढायचंय. पण मुलीचं बारसं, फुटाळ्यावर पहिल्यांदा हातात फुगा धरला तो क्षण, सगळे फोटो त्यांच्या मोबाइलवर काढलेले आहेत. मला ते माझ्या फोनवर दिसतात. त्यांना काढलं की तेही जातील का? झोप लागत नाहीये.

विदर्भवाला: ताई, पासवर्ड बदला आणि मोकळ्या व्हा. मी तेच केलं.

रेशीमबागकर: पासवर्ड बदलाच, पण तेवढ्यानं भागणार नाही. फोटो तुम्हाला फॅमिली ग्रुपमुळे दिसत नाहीत जी. ग्रुपमध्ये फक्त जागा वाटून घेतात, एकमेकांच्या फाइली दिसत नाहीत. फोटो दिसतात ते गूगल फोटोजमधल्या पार्टनर शेअरिंगमुळे किंवा एखाद्या शेअर केलेल्या अल्बममुळे. म्हणून ग्रुपमधून काढलं तरी ते शेअरिंग चालूच राहील, तुमचेही फोटो त्यांना दिसत राहतील. आणि ते त्यांनी बंद केलं, की तुम्ही सेव्ह न केलेले फोटो तुमच्याकडून गेले. अल्बममधून माणूस काढला तरी त्यानं टाकलेले फोटो त्याच्याबरोबर निघतात.

म्हणून आधी फोटो सेव्ह करा, बाकी सगळं नंतर. बारशाची तारीख तुमच्या मुख्य फोटोंमध्ये शोधा. तिथे तो फोटो दिसला तर तो तुमचा झाला. फक्त शेअरिंगमध्ये किंवा अल्बममध्येच दिसत असेल, तर अजून नाही. सेव्ह केलेले फोटो तुमची जागा खातील, तेवढी मोकळी आहे का तेही बघून घ्या.

सक्करदरा_सीमा: माझं नेटफ्लिक्सचं होतं. प्रोफाइल नवीन खात्यात हलवता येतं, बघितलेल्याची यादीही सोबत येते. तुमचंही तसंच होईल ना?

रेशीमबागकर: नाही ताई, इथे प्रोफाइल हलवायचा प्रश्नच नाही. त्यांचं खातं त्यांचंच राहतं, त्यातलं काही पुसलं जात नाही. फक्त तुमच्या प्लॅनमधली जागा जाते. त्यांचा डेटा १५ जीबीच्या वर असेल तर नवीन फोटो चढणार नाहीत, मेलही येणार नाही. त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं, उगाच भांडण नको.

मनीषनगरची_आई: बारशाचे एकवीस फोटो फक्त शेअरिंगमध्येच होते! रात्री बसून सेव्ह केले, मग मुख्य फोटोंमध्ये एकेक मोजून बघितले. शेअरिंग बंद केलं, मग ग्रुपमधून काढलं. myaccount.google.com वर `Your devices` बघितलं तर त्यांचा जुना टॅब माझ्याच खात्यात लॉगिन होता, तोही साइन आउट केला.

विदर्भवाला: रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे?

मनीषनगरची_आई: अरे बाप्पा, त्यांचाच! आत्ता बदलला. पण एक राहिलंच. मुलगी नऊ वर्षांची, तिचं खातं माझ्या ग्रुपमध्ये आहे. तिच्या मोबाइलवर लक्ष ठेवायचा अधिकार त्यांना कोर्टाच्या आदेशाप्रमाणे द्यायचा असेल, तर पुन्हा ग्रुपमध्येच घ्यावं लागेल का?

रेशीमबागकर: माझ्या माहितीप्रमाणे हो, दुसरा पालकही त्याच ग्रुपमध्ये लागतो. आणि वर्षभरात ग्रुप एकदाच बदलता येतो, त्यामुळे त्यांनी मधे दुसरा ग्रुप धरला तर अडचण होईल. आज त्यांना फोन करून विचारा.