उशिरा पोचल्यावर दारातून काय म्हणावं?

अर्धविराम
वर्ग किंवा बैठक सुरू झालेली असते, बोलणारा ऐन रंगात आलेला असतो आणि मी दारात. गप्प जाऊन बसलो तर उद्धट वाटतं. 'नमस्कार' म्हणालो तर दहा माना वळतात, त्यातले तीनजण उलट नमस्कार करतात आणि बोलणाऱ्याचं वाक्य तुटतं. 'येऊ का?'चंही तेच, त्याला थांबून 'या' म्हणावं लागतं. कुणाला उत्तर द्यायला न लावता आलो एवढं कळवणारा शब्द मराठीत आहे का?

झुंजूमुंजू
विलंबित शुभेच्छा! किंवा सरळ 'उशिरा का होईना, शुभेच्छा'. मी वाढदिवस उलटून गेल्यावर हेच लिहिते.

अर्धविराम
ताई, शुभेच्छा नाही पोचत उशिरा, मी पोचतो.

झुंजूमुंजू
अरेच्चा! शीर्षक वाचून थेट उत्तर दिलं. मग 'क्षमस्व' म्हणा की. 'मी क्षमा मागतो' असाच अर्थ आहे, एका शब्दात काम होतं.

जुना फळा
वापर बरोबर आहे, अर्थ नाही. क्षमस्व हे संस्कृतातलं आज्ञार्थी रूप, म्हणजे 'तू क्षमा कर'. मागणाऱ्याचा त्यात उल्लेखच नाही, काम समोरच्याला सांगितलंय. शिवाय ते एकवचन. पंचवीस जणांच्या वर्गाला संस्कृतात म्हणायचं तर 'क्षमध्वम्' म्हणावं लागेल. अर्थात मराठीत तो शब्द आता गोठलाय, एकालाही चालतो आणि गावालाही, त्यामुळे ती चूक मी काढत नाही. माझी अडचण वेगळी आहे. तो पाटीवरचा शब्द आहे, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. दारातून हळू आवाजात म्हणून बघा, नाटकातलं पात्र आल्यासारखं वाटतं.

अर्धविराम यांनी मुद्दा नेमका पकडलाय. काही बोल उत्तर मागतात. 'नमस्कार' नमस्कार मागतो, 'येऊ का' परवानगी मागतो, 'माफ करा' निदान 'असू दे' तरी मागतो. चालू वर्गात हे तिन्ही महाग पडतात. 'सॉरी' का टिकला ते यावरून कळतं. त्यात क्रियापद नाही, कुणाला काही करायला सांगितलेलं नाही, ओठ हलले तरी पुरतं. मला तो शब्द फारसा आवडत नाही, पण इथे त्याने मराठीला मागे टाकलंय हे कबूल.

मराठीतला त्याच्या जवळचा बोल म्हणजे 'उशीर झाला'. नुसतं विधान, उत्तराची अपेक्षा नाही.

कोपऱ्यातली खुर्ची
पण 'उशीर झाला' म्हणजे अंग काढून घेणं नाही का? पाऊस झाला तसा उशीर झाला. 'मी उशीर केला' असं कुणी म्हणत नाही.

जुना फळा
म्हणतात, पण दुसऱ्याबद्दल. 'तू उशीर केलास' हा आरोप होतो. स्वतःबद्दल 'मी उशीर केला' म्हटलं की कबुलीजबाब होतो आणि मग कारणही सांगावंसं वाटतं. म्हणजे पुन्हा दोन मिनिटं गेली. दारात उभं राहून कबुलीजबाब देऊ नये, तो नंतर चहाच्या वेळी द्यावा. गंमत म्हणजे 'मी लेट झालो' यात माणूसच कर्ता होतो. 'मी उशीर झालो' असं होत नाही. म्हणजे परक्या शब्दाने दोष अंगावर येतो आणि आपल्या शब्दाने तो नुसता घडून जातो.

रानवारा
उशीर म्हणजे संस्कृतात वाळा. माठात टाकतात तो. वाळा मुरायला वेळ लागतो म्हणून वेळ लागणे म्हणजे उशीर, असं मी कुठेतरी ऐकलंय.

जुना फळा
संस्कृतात उशीर म्हणजे वाळा हे खरं. माठातली गोष्ट मात्र कुणीतरी रचलेली. वेळेचा उशीर वेगळ्या घरचा आहे, तो 'उत्सूर'वरून आला असं मानतात. त्यात सूर्य आहे. पालीत 'उस्सूरसेय्या' म्हणजे ऊन वर येईपर्यंत लोळत पडणं. आमच्या विद्यार्थ्यांना ही व्युत्पत्ती फार लवकर पटते.

शाईचा डाग
माझा किस्सा. ऑनलाइन वर्गात अर्ध्या तासाने शिरले. माइक बंदच ठेवला आणि चॅटमध्ये लिहिलं, 'उशीर झाला, येते.' मला म्हणायचं होतं की आले आहे, बसते. मॅडमनी शिकवता शिकवता वाचलं आणि म्हणाल्या, 'बरं, या, रेकॉर्डिंग बघून घ्या.' मग मी बोलूच शकेना. निरोप घेतलेल्या माणसाने प्रश्न कसा विचारायचा?

अर्धविराम
हाहा. निघताना 'जातो' म्हणायचं नाही हे आपल्याला घरी शिकवलेलं असतं, त्यामुळे 'येते' म्हणजे निघते. चॅटवर तर दारही दिसत नाही. 'आले' लिहिलं असतंत तर भागलं असतं.

कोपऱ्यातली खुर्ची
आमच्याकडे एकजण आत येताना हात किंचित वर करून 'चालू द्या, चालू द्या' म्हणतात. मला ते छान वाटतं. व्यत्यय नको ही भावना पोचते.

झुंजूमुंजू
ते साहेब असतील हो! 'चालू द्या' ही परवानगी झाली. वर्ग काय तुमच्यासाठी थांबला होता? विद्यार्थिनीने म्हणून बघावं, मास्तर खडू खाली ठेवतील.

कोपऱ्यातली खुर्ची
साहेब नाहीत, आमच्याहून कनिष्ठ आहेत. 'तुमचं चालू द्या' असं म्हटलं की नम्र होतं.

झुंजूमुंजू
मला नाही पटत. 'तुमचं' लावल्यावर तर अजूनच वाटतं की माझं काहीतरी वेगळं, मोठं आहे.

जुना फळा
दोघांचंही ऐकलं, माझा निकाल नाही. बोलणारा आपणहून थांबला असेल तर 'चालू द्या' शोभतं असं मला वाटतं. तो थांबलाच नसेल तर ते म्हणूनच त्याला थांबवलं जातं.

खरं तर चाळीस वर्षं शिकवून मला आवडलेला नमस्कार बिनशब्दाचाच. मागच्या दाराने यायचं, बोलणाऱ्याशी नजर झाली तर छातीशी हात नेऊन मान लववायची, नजर झाली नाही तर तेही नाही. मात्र 'मान लववायची' म्हणतोय, 'मान डोलवायची' नाही. एक विद्यार्थी दारातून मान डोलवत आत यायचा. मी जे सांगत होतो ते त्याला फार पटलंय असं वाटून मी खूश व्हायचो.

रानवारा
याला नाव काय द्यायचं? ओझरता नमस्कार?

जुना फळा
'मूक नमस्कार' श्रद्धांजलीकडे झुकतो. ओझरता चालेल.

अर्धविराम
काल संध्याकाळच्या वर्गाला पोचायला उशीर झाला. कडेची खुर्ची धरली आणि शेजाऱ्याकडे बघून हळूच म्हणालो, 'उशीर झाला.' त्याने घड्याळ बघितलं आणि वही मिटायला लागला. 'अजून वीस मिनिटं आहेत ना?' असं मलाच विचारलं, तेही चांगलं मोठ्याने. पुढच्या वेळी 'मला उशीर झाला' म्हणणार. 'मला' गाळून चालत नाही.