मदत हवी आहे: मुलाखतीत विचारलं "दर वर्षी नवीन गेट पास?", आता मेलमध्ये काय लिहू?

घाईतला_गडी
लवकर सांगा कुणीतरी, उद्या सकाळी मेल टाकायचाय. आज कागल पंचतारांकित एमआयडीसीत मुलाखत झाली. पाऊण तास सगळं झकास चाललं होतं. शेवटी साहेबांनी बायोडाटा टेबलावर आडवा केला, पेनानं तारखांवर चार टिपके मारले आणि म्हणाले, "हे काय, दर वर्षी नवीन गेट पास?" मी कायतरी बोललो, पण जमलं नाही. आता आभाराच्या मेलमध्येच ते क्लिअर करावं म्हणतोय. कारणं सगळी खरी आहेत. फॉरमॅट द्या.

गडहिंग्लजकर
फॉरमॅट साधा ठेव. एक पान, फोटो उजवीकडे वर, जन्मतारीख आणि खाली सही. छंदात वाचन लिहू नकोस, सगळेच लिहितात.

घाईतला_गडी
दादा, बायोडाटाचा नाही, मेलचा फॉरमॅट.

एचआरवाली
फॉरमॅट नंतर. आधी सांगा: नोकऱ्या किती, प्रत्येकी किती महिने, पद कुठलं, विचारणारे कोण होते आणि तुम्ही नेमकं काय उत्तर दिलंत? "कायतरी बोललो" यावर मेल लिहिता येत नाही.

घाईतला_गडी
क्वालिटी इंजिनिअर, फौंड्री. डिप्लोमा मेकॅनिकल. १ वर्ष अप्रेंटिस, मग शिरोलीत ७ महिने, गोकुळ शिरगावात ११, चाकणला ५, आणि आत्ता परत शिरोलीत ९ महिने झालेत. विचारणारे प्लांट हेड. मी म्हणालो, "ग्रोथसाठी बदलल्या."

शिरोलीचा_म्हातारा
ग्रोथ म्हणालास? अरे बाबा. फौंड्रीच्या साहेबाला ग्रोथ म्हणजे काय ऐकू येतं माहीत आहे? "दोन हजार जादा मिळाले की हा जाणार."

पुण्यात_रमलो
सोपं आहे. ५ आणि ७ महिन्यांच्या नोकऱ्या बायोडाटातून उडव, ११ आणि ९ ठेव. नवा बायोडाटा मेलला जोडून टाक. मी सहा वर्षांत चार कंपन्या बदलल्या, पगार तिप्पट झाला, कुणी हूं का चूं केलं नाही.

एचआरवाली
साहेबांनी टिपके मारलेत त्याच बायोडाटावर. उद्या त्यातल्या दोन ओळी गायब झाल्या तर काय वाटेल त्यांना? शिवाय पीएफचा UAN सगळ्या नोकऱ्यांना एकच असतो. नोकरी देताना आम्ही सर्व्हिस हिस्टरीचा स्क्रीनशॉट मागतो, त्यात कंपनीवार रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. घाईतले गडी, मेल लिहायच्या आधी तुम्हीच ते बघा. पोर्टलवर `View → Service History`.

पुण्यात_रमलो
आमच्याकडे नाही मागितलं कधी.

एचआरवाली
मागेपर्यंत मागत नाहीत.

घाईतला_गडी
बघितलं. दोन भानगडी आहेत. अप्रेंटिसचं वर्ष दिसतच नाही, आणि चाकणची एक्झिट डेट रिकामी आहे. म्हणजे मी अजून चाकणलाच कामाला आहे असं दिसतंय का??

एचआरवाली
अप्रेंटिसशिप कायद्याखाली असाल तर पीएफ कापला जात नाही, म्हणून ते वर्ष तिथे येणार नाही. प्रमाणपत्र असलं की झालं. चाकणची तारीख कंपनीनं भरलेली नाही. शेवटचं पीएफ जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर `Manage → Mark Exit` मध्ये तुम्ही स्वतः भरू शकता, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तारीख राजीनाम्याशी जुळवूनच भरा, एकदा गेली की दुरुस्तीला पायपीट होते. आणि गोकुळ शिरगावचं काय दिसतंय?

घाईतला_गडी
ते... एप्रिल २०२३ ते डिसेंबर २०२३.

शिरोलीचा_म्हातारा
हे नऊच महिने झाले की रं. तू अकरा सांगितलास.

घाईतला_गडी
काँट्रॅक्ट डिसेंबरलाच संपलं. दोन महिने घरी होतो. बायोडाटात गॅप दिसू नये म्हणून फेब्रुवारी टाकलं. सगळेच टाकतात.

तांबडा_पांढरा
भावा, मिसळीत पाणी घालतात तेवढं बायोडाटात घालू नये 😄

एचआरवाली
बरं झालं आत्ता कळलं. कमी महिन्यांच्या नोकऱ्या समजावून सांगता येतात, पण चुकीची तारीख पडताळणीत सापडली तर मिळालेली ऑफरसुद्धा मागे घेतली जाते. त्यामुळे मेलमध्ये दुरुस्ती हवीच, एका वाक्यात. आता प्रत्येक ठिकाणी का सोडलंत ते खरं खरं लिहा. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.

घाईतला_गडी
शिरोली ७ महिने: ठेकेदाराच्या रोलवर होतो, ट्रॅक्टरच्या ऑर्डरी कमी झाल्या, ठेकेदारानं एका दिवसात आमची अख्खी बॅच कमी केली. गोकुळ शिरगाव: काँट्रॅक्टच नऊ महिन्यांचं होतं. चाकण: कंपनी रोल होता, साडेतीन हजार जादा म्हणून गेलो. खोलीभाडं आणि मेस वजा करता हातात इथल्यापेक्षा कमीच. शेवटच्या महिन्याचा पगारही रखडवला. आत्ताची: परत ठेकेदार.

शिरोलीचा_म्हातारा
मग हे आधी बोलायचं की! चारातल्या तीन जागा ठेकेदाराच्या. तिथं तू टिकला नाहीस असं नाही, ती जागाच टिकणारी नव्हती. कागलची जागा कंपनी रोलची आहे का?

घाईतला_गडी
हो. म्हणून तर जीव अडकलाय.

शिरोलीचा_म्हातारा
मी तीस वर्षं या लाईनीत काढली, त्यातली बरीच टेबलाच्या पलीकडं बसून. साहेब काय विचारत होता ते सांगतो. क्वालिटीचा नवा पोरगा सहा महिन्यांनी कामाचा होतो. कुठल्या जॉबला कोअरजवळ ब्लो होल येतो, कुठला कस्टमर कशावरनं लॉट परत धाडतो, हे त्याला कळायला तेवढे दिवस लागतात. रिजेक्शन आलं की कस्टमरला सुधारणेचा रिपोर्ट जातो, पण ती सुधारणा टिकली का हे पुढचे तीन-चार महिने लॉटमागून लॉट बघितल्यावर समजतं. सही करणारा तोवर दुसरीकडं गेलेला असतो, आणि तक्रार आली की नव्या माणसाला पहिल्यापासून शोधावं लागतं. साहेबाला तुझी कारणं नकोत, तू एखादं काम शेवटपर्यंत बघितलंस का ते पाहिजे. असं एक सांग.

घाईतला_गडी
आत्ताच्या ठिकाणी एका हाउसिंगला ब्लो होल फार यायचे. सगळे वाळूच्या ओलाव्यावर खापर फोडत होते. मी लॉटवार तारखा लावून बघितलं, तर ओलावा ठीक असतानाही येत होते. कोअरला हवा बाहेर जायची वाट अपुरी होती. पॅटर्नशॉपकडनं कोअरबॉक्समध्ये व्हेंट वाढवून घेतले. रिजेक्शन ७ टक्क्यांवरून ३ च्या आसपास आलं, चार महिने तिथंच आहे.

शिरोलीचा_म्हातारा
हे सोनं खिशात ठेवून ग्रोथ म्हणालास तू. हेच घाल मेलमध्ये. फक्त आकडा तोंडपाठ ठेव, तो विचारणार की ७ टक्के किती नगांवर. आणि खरं तर मेल नको, सरळ फोन कर. प्लांट हेड मेल वाचत नसतात.

एचआरवाली
काका, फोन नको. शिफ्ट चालू असताना उमेदवाराचा फोन म्हणजे वैताग. आणि तारखेची दुरुस्ती तोंडी सांगितली तर ती नोंदीत राहत नाही. ज्या मेलवरून मुलाखतीची वेळ कळवली होती त्यालाच उत्तर द्या, एचआर पुढे पाठवेल.

शिरोलीचा_म्हातारा
लेखी राहावं हे पटलं. पण आमच्या काळी माणूस परत गेटवर येऊन उभा राहिला की त्याची गरज दिसायची.

पुण्यात_रमलो
चाकणबद्दल लिहिताना पगार रखडवला हे ठळक घाल. चूक त्यांचीच होती.

एचआरवाली
नको. मुलाखत घेणाऱ्याला वाटतं, उद्या आमच्याबद्दलही हा असंच लिहील. आणि गेलात पगारासाठीच, ते स्वतःकडे घ्या. चारही ठिकाणी परिस्थितीच वाईट होती म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. एक निर्णय माझा चुकला म्हटलं की बाकीची तीन कारणं खरी वाटतात.

घाईतला_गडी
हे बघा. इंग्रजीत जाईल, इथं मराठीत टाकतोय.

"आदरणीय साहेब, आजच्या वेळेबद्दल आभार. माझ्या कमी काळाच्या नोकऱ्यांबद्दल आपण विचारलंत, तेव्हा माझं उत्तर नीट झालं नाही. अप्रेंटिसशिपनंतरच्या चारपैकी तीन जागा ठेकेदारामार्फत होत्या. पहिली ऑर्डरी घटल्यामुळे आणि दुसरी मुदत संपल्यामुळे थांबली, तिसरी म्हणजे आत्ताची. चाकणची नोकरी मी पगाराकडे बघून घेतली आणि पाच महिन्यांत सोडली, तो अंदाज माझा चुकला. आत्ताच्या ठिकाणी एका हाउसिंगमधल्या ब्लो होलचं कारण शोधून कोअरचे व्हेंट वाढवले आणि पुढचे चार महिने प्रत्येक लॉट तपासला. रिजेक्शन ७ वरून ३ टक्क्यांच्या आसपास स्थिर आहे. असं काम पुढे नेता येईल अशी कंपनी रोलची जागा मी शोधतोय. एक दुरुस्ती: गोकुळ शिरगावची नोकरी डिसेंबर २०२३ ला संपली, बायोडाटात चुकून फेब्रुवारी आलं आहे. सुधारित प्रत जोडली आहे."

एचआरवाली
चांगलं आहे. "चुकून" काढा. चुकून आलेलं नाही ते. "फेब्रुवारी लिहिलं होतं, ते बरोबर नाही" एवढंच.

शिरोलीचा_म्हातारा
शेवटी लिही, तीन वर्षं कुठं जाणार नाही म्हणून.

एचआरवाली
लिहू नका. लगेच बाँड पुढे येईल, आणि असा शब्द कोण पाळतं?

शिरोलीचा_म्हातारा
पाळणारे असतात ताई.

गडहिंग्लजकर
यापेक्षा बँकेची परीक्षा दे. माझा मेव्हणा लागला, आता टेन्शनच नाही.

घाईतला_गडी
"चुकून" काढलं, तीन वर्षांचं घातलं नाही. साडेनऊला पाठवला.

घाईतला_गडी (तीन दिवसांनी)
एचआरचा फोन आला. मंगळवारी दुसरी फेरी, साहेबांनी त्या हाउसिंगची लॉटवार शीट आणायला सांगितलीय. शीट आत्ताच्या कंपनीची आहे, ती कशी नेऊ? आणि चाकणचं अनुभवपत्र मागितलंय, ते त्यांनी मला दिलेलंच नाही.

शिरोलीचा_म्हातारा
शीट अजिबात नेऊ नकोस. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर असतो त्यावर. कोऱ्या कागदावर कोअरचं चित्र काढ, व्हेंट आधी कुठं होते आणि नंतर कुठं ते दाखव. आकडे तोंडी सांग. दुसऱ्याची शीट घेऊन येणारा उद्या आपलीही नेईल, हे त्याला बरोबर कळतं.

एचआरवाली
अनुभवपत्राऐवजी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि राजीनाम्याचा मेल न्या. राजीनामा मेलनं दिला होतात ना?

घाईतला_गडी
व्हॉट्सॲपवर.