नळी सरकल्याची शंका असेल तर

"सासऱ्यांची नाकातली नळी रात्रीत थोडी बाहेर आली आहे. सिरिंजने हवा सोडल्यावर पोटात आवाज आला, तर भरवायला हरकत नाही ना?"

हरकत आहे, कारण नळीचे टोक अन्ननलिकेत किंवा श्वासमार्गात असले तरी तसा आवाज ऐकू येऊ शकतो. माझ्या आईच्या नाकपुडीशी नेहमी 55 सेंटिमीटरची खूण असे. एका सकाळी तिथे 50 दिसले, तेव्हा आम्ही नळी आत न ढकलता परिचारिकेला बोलावले आणि तोवर पाणीही दिले नाही. खूण जागेवर असली, तरी भरवण्यापूर्वी सिरिंजने थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर तपासावा. आकडा 5.5 किंवा त्याहून कमी आला, तरच पुढे जावे. आम्लता कमी करणाऱ्या औषधांमुळे तो वाढू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे, अंदाज बांधू नये.

मूगडाळ-भात मिक्सरमध्ये पातळ वाटून मलमलीतून दोनदा गाळावा, कारण साध्या चहाच्या गाळणीतून निसटलेल्या डाळीच्या सालीने आमची नळी एकदा तुंबली होती. भरवण्याआधी आणि नंतर साधारण 30 मिलि कोमट पाणी सोडावे. मात्र पाण्यावर बंधन असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.